दोनशे त्रेचाळीस

चूक माझी होती. प्रश्न मी काढला, उत्तर मी चुकवलं, आणि ते चुकलंय हे कळल्यावरही मी ते तसंच राहू दिलं. यातली पहिली चूक कुणाकडूनही झाली असती. दुसरीचं वजन घेऊन मी फिरतो.

मी धुळ्यातल्या एका कॉलेजात भौतिक रसायनशास्त्र शिकवतो. उष्मागतिकीच्या प्रकरणात एक छोटं समीकरण येतं. एखाद्या अभिक्रियेत किती उष्णता बाहेर पडते ते पुस्तकातल्या कोष्टकात साधारण पंचवीस अंशांना दिलेलं असतं. प्रत्यक्षात अभिक्रिया भट्टीत होते, इंजिनात होते, तिथं तापमान वेगळं. मग कोष्टकातला आकडा तिथं कसा न्यायचा? उत्तर सोपं आहे. एक अंश तापायला उत्पादितांना किती उष्णता लागते आणि अभिकारकांना किती, म्हणजे त्यांची उष्माधारकता किती, हे बघायचं. दोन्हींमधला फरक घ्यायचा, तापमानातल्या वाढीनं गुणायचा आणि मूळ आकड्यात मिळवायचा. पण एक अट आहे. मधल्या वाटेवर कुठला पदार्थ वितळता किंवा उकळता कामा नये. उकळला तर त्या उकळण्याची उष्णता वेगळी धरावी लागते, आणि तिथून पुढं त्या पदार्थाची उष्माधारकताही बदलते.

ही अट मी दरवर्षी वर्गात सांगतो. लिहून देतो. तिच्याखाली रेघ ओढायला लावतो.

प्रश्नपत्रिका काढायची आमची पद्धत कुणी छापून सांगत नाही, म्हणून मी सांगतो. नवा प्रश्न क्वचितच कुणी तयार करतं. जुनी पत्रिका समोर घ्यायची आणि आकडे बदलायचे. माझ्याकडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचं जुनं उदाहरण होतं. २९८ केल्विनला उणे २८५.८ किलोजूल, तर ३४८ केल्विनला किती? पंच्याहत्तर अंशांना पाणी पाणीच असतं, त्यामुळे उदाहरण सरळ सुटायचं. एका वर्षी मी ३४८ खोडून ३९८ केलं. सव्वाशे अंशांना पाण्याची वाफ झालेली असणार एवढं लक्षात आलं, म्हणून पाण्याची उष्माधारकता ७५.३ होती ती काढून वाफेची ३३.६ लिहिली. अर्धं डोकं चाललं. २८५.८ हा आकडा द्रव पाण्याचा आहे, तो मात्र तसाच राहिला. समीकरणात पदार्थांच्या अवस्था कंसात लिहायच्या राहिल्या. लिहिल्या असत्या तर 'द्रव' लिहावं की 'वायू' इथं हात थांबला असता.

मग उत्तरही मीच काढलं. ३३.६ मधून अभिकारकांचे ४३.५ वजा केले, उणे ९.९ आले. शंभर अंशांनी गुणले, उणे एक किलोजूलच्या आसपास. उत्तर उणे २८६.८. पाच गुण. पाकीट बंद करून पाठवून दिलं.

उन्हाळ्यात पेपर तपासायला आम्ही सगळे जळगावला जमायचो. खान्देशातल्या सगळ्या कॉलेजांतले रसायनशास्त्राचे लोक एका लांब हॉलमध्ये, पत्र्याच्या कूलरच्या घरघरीत. धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत एसटीनं पोचायचं, रुमाल ओला करून मानेवर टाकायचा आणि गठ्ठा सोडायचा. त्या पेपरचा प्रमुख मी होतो. शेजारच्या टेबलावर चाळीसगावकडचे एक जुने विभागप्रमुख बसायचे. त्यांना सगळा हॉल नाना म्हणायचा. गठ्ठ्यापेक्षा नानांचं तोंड जास्त चालायचं.

तपासणाऱ्यांत माझ्याच विभागातली एक मॅडम होती, तासिका तत्त्वावर शिकवायची. साक्रीची. एम.एस्सी.ला माझी विद्यार्थिनी होती. दर जूनला पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक, असं तिचं चाललेलं. त्या जूनला मात्र आमच्याकडे कायम जागा निघणार होती. ती तिला मिळावी असं विभागात सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

ती एक उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, हे जरा बघता का? याचं उत्तर दोनशे त्रेचाळीस आलंय."

"मग चुकलंय. मॉडेल आन्सर बघा, दोनशे शहाऐंशी पॉइंट आठ."

"बघितलं सर. पण मला वाटतं याचंच बरोबर आहे."

नाना मान न वळवता म्हणाले, "काय मॅडम, पोरगा नात्यातला आहे का?"

"नंबर झाकलेला आहे नाना. मुलगा की मुलगी तेही माहीत नाही."

"मग तर फारच माया आहे."

आजूबाजूचे हसले. तीही थोडी हसली, आणि उत्तरपत्रिका माझ्यापुढं सरकवली. त्या विद्यार्थ्यानं वर लिहिलं होतं की, दिलेली माहिती अपुरी आहे, वर्गात शिकवलेले आकडे वापरतो. मग पायऱ्या. वायू सव्वाशे अंशांवरून पंचवीसवर आणले, उणे ४.३५. तिथं अभिक्रिया घडवली, उणे २८५.८. तयार झालेलं पाणी शंभरपर्यंत तापवलं, अधिक ५.६५. उकळलं, अधिक ४०.७. वाफ पुढं सव्वाशेपर्यंत नेली, अधिक ०.८४. बेरीज उणे २४३.

"पाणी वाटेत उकळतं सर," ती हळू म्हणाली. "ती उष्णता आपण धरलेलीच नाही."

नाना म्हणाले, "मे महिना आहे मॅडम, उकळू द्या. इथं आम्हीच उकळतोय."

मला समजायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हॉलमध्ये गर्दी होती, नीट बघायला वेळ झाला नाही. ते खोटं आहे. उकळण्याचे ते ४०.७ बघताक्षणी माझी चूक मला दिसली. चुकीचं उत्तर खऱ्या उत्तरापासून जवळजवळ तेवढंच लांब होतं.

उपायही सोपा होता. प्रश्नात दोष आहे असं एका ओळीत लिहून द्यायचं आणि प्रश्न सोडवणाऱ्या सगळ्यांना गुण द्यायचे. दुसऱ्यांच्या चुकांसाठी मी तशी ओळ पूर्वी लिहिलेली होती, आणि लिहिताना मनातून थोडा सुखावलोही होतो. पण ही ओळ माझ्या नावानं गेली असती. त्या वर्षी आमच्या कॉलेजात प्राचार्यपदासाठी माझं नाव चर्चेत होतं. पदवीच्या पेपरात पाण्याचा उत्कलनबिंदू विसरलेला माणूस, हे हॉलमधून एरंडोलच्या स्टँडपर्यंत आणि तिथून संस्थेच्या ऑफिसपर्यंत पोचायला संध्याकाळ पुरली असती. नाना तिथंच बसले होते.

"मॅडम, मॉडेल आन्सर वाटून झालंय," मी म्हणालो. "एकसारखं तपासलं पाहिजे. त्याप्रमाणे द्या."

"म्हणजे याला शून्य?"

"पायऱ्यांचे दोन द्या."

"पायऱ्या बरोबर, उत्तर बरोबर, आणि दोन?"

"मॅडम, वाद नको."

ती म्हणाली, "सर, अट तर तुम्हीच सांगितली होती आम्हाला. रेघ ओढायला लावली होती."

मी म्हणालो, "जा, गठ्ठा संपवा."

तिनं गठ्ठा संपवला. ज्यांनी उकळण्याची उष्णता धरली होती त्यांना तिनं पुरे पाच दिले. फार नव्हते. जे होते ते बहुधा तिच्याच हाताखाली शिकलेले, कारण तो भाग ती शिकवायची. फेरतपासणी माझ्याकडे आली. हिरव्या शाईनं मी ते पाच खोडून दोन केले, प्रत्येक ठिकाणी सही केली, आणि अहवालात परीक्षकाच्या नावापुढं लिहिलं, 'आदर्श उत्तरानुसार मूल्यांकन केलेले नाही.' वाक्य खरं होतं. एकेक शब्द खरा होता.

जूनमध्ये मुलाखती झाल्या. बाहेरून एक तज्ज्ञ आले होते, संस्थेचे दोघं, प्राचार्य आणि विभागप्रमुख म्हणून मी. ती आत आली, बसली. बाहेरच्या तज्ज्ञांनी तिला उष्मागतिकीच विचारली.

"अभिक्रियेची एन्थाल्पी वरच्या तापमानाला कशी काढाल?"

तिनं फळ्यावर समीकरण लिहिलं, फरक का घ्यायचा ते सांगितलं. मग म्हणाली, "मधे अवस्थाबदल नसेल तरच हे सरळ लागू पडतं. असेल तर टप्पे करावे लागतात."

"उदाहरण?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी समोरची फाईल चाळत होतो. त्या फाईलमध्ये वाचण्यासारखं काहीही नव्हतं.

"पाण्याचं देते," ती म्हणाली, आणि फळ्यावर सगळे टप्पे मांडले. उणे २४३. खडू खाली ठेवला.

तज्ज्ञ म्हणाले, "छान. नेमकं."

ती बाहेर गेल्यावर संस्थेच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तुमच्या विभागातली आहे. कामाला कशी आहे?"

त्या गृहस्थांच्या मनात दुसरं नाव आहे हे मला ठाऊक होतं. त्यांना माझ्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. मला त्यांच्याकडून प्राचार्यपद हवं होतं.

"हुशार आहे," मी म्हणालो. "पण सूचना पाळण्यात जरा कमी पडते. पेपर तपासताना शेरा आलाय."

"अरेरे," ते म्हणाले. कागदावर काहीतरी लिहिलं. शेरा कुणी दिला ते कुणी विचारलं नाही.

जागा दुसऱ्याला गेली. तासिकांची नेमणूकही त्या वर्षी तिला मिळाली नाही, कारण नव्या माणसाला पुरेसे तास हवे होते. ती विभागातून सामान घ्यायला आली तेव्हा मी प्रॅक्टिकलला असल्याचं शिपायाकडून सांगितलं. खरं तर मी मागच्या खोलीत, तराजूंच्या कपाटाजवळ उभा होतो. ती आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींशी अहिराणीत बोलत होती ते ऐकू येत होतं. मावशी रडत होत्या. ती नव्हती.

मला प्राचार्यपद मिळालं नाही. बाहेरून माणूस आला. हे मी न्याय झाला म्हणून सांगत नाही. तिला त्यानं काही परत मिळालं नाही.

त्यानंतर मी वर्गात पाण्याचं उदाहरण घेणं बंद केलं. अमोनिया घ्यायला लागलो. नायट्रोजन वायू, हायड्रोजन वायू, अमोनियाही वायू. तापमान वाढवत न्या, वाटेत काही उकळत नाही. फरक काढा, गुणा, मिळवा, संपलं. अट मी सांगायचो, पण तिचं उदाहरण द्यायचो नाही. मुलांनी कधी विचारलं नाही. मुलं परीक्षेत येईल तेवढंच विचारतात, आणि परीक्षेत काय येतं ते आम्हीच शिकवलेलं असतं.

माझा प्रश्न मात्र संपला नव्हता. जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करून उत्तरांसकट छापणारी गाईडं असतात. त्यात तो गेला, माझ्या उत्तरासकट. मागच्या हिवाळ्यात वर्गात एका मुलीला म्हणालो, "एखादं सोडवलेलं उदाहरण फळ्यावर मांड." तिनं तेच मांडलं. ३९८ केल्विन, वाफेची उष्माधारकता, अवस्थांचे कंस नाहीत. उत्तर उणे २८६.८, खाली दोन रेघा. वर्गातले सगळे ते वहीत उतरवून घेत होते. उत्तर चुकीचं आहे असा कुणाच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. कशाला असेल? छापलेलं होतं.

मी म्हणालो, "हे चूक आहे. पाणी वाटेत उकळतं." आणि टप्पे घालून दाखवले.

"पण सर, गाईडमध्ये असंच आहे," ती मुलगी म्हणाली. "पेपरलाही आलं होतं म्हणे."

"छापताना चूक झाली असेल," मी म्हणालो.

घरी गेलो, जेवलो नाही. बायकोनं विचारलं, पित्त झालं का? हो म्हणालो. दुसऱ्यांदा तेच केलं होतं मी, आणि या वेळी समोर नाना नव्हते, प्राचार्यपद नव्हतं, काहीही पणाला नव्हतं. नुसती सवय होती.

ती साक्रीला आहे हे मला माहीत होतं. रस्त्यालगत तिच्या वडिलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, ते ती बघते, असं कुणीतरी म्हणालं होतं. गेलो तो बाजाराचा दिवस निघाला. डोंगराकडच्या गावांतून आलेली माणसं दुकानापुढं उभी होती. ती आत उभी राहून एकाला फवारणीचं औषध पाण्यात किती घालायचं ते अहिराणीत समजावत होती. तो दोनदा चुकला, तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. आवाज तोच, वर्गातला.

वडील बाहेर खुर्चीवर होते. मी कोण ते सांगितलं.

"कॉलेजना सर का?" ते म्हणाले. "बसा. पानी ल्या. कसाले उनात इतला लांब?"

"मॅडमना भेटायचं होतं."

"भेटा ना. गिऱ्हाईक जाऊ द्या."

गिऱ्हाईक गेल्यावर ती बाहेर आली. केसांत थोडं पांढरं होतं. नमस्कार केला, जसा कुठल्याही ओळखीच्या माणसाला करतात.

मी सुरुवात केली. घरून जुळवून आणलेलं सगळं बोललो. त्या वेळी परिस्थिती अशी होती. हॉलमध्ये दडपण होतं. माझाही नाइलाज झाला. तुमच्याबद्दल मनात काही नव्हतं. गैरसमज झाला असेल तर तो दूर व्हावा.

तिनं ऐकून घेतलं.

"गैरसमज कसला सर? मला सगळं नीट समजलं होतं."

"तसं नाही, पण त्या वेळी..."

"परिस्थितीचं राहू द्या. पाणी शंभरला उकळतं की नाही?"

"उकळतं."

"ज्यांचे पाच तुम्ही दोन केलेत, त्यांना हे कुणी सांगितलं?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आता वर्गात काय शिकवता? पाण्याचं घेता?"

"अमोनियाचं घेतो," मी म्हणालो.

ती हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर आधी पाहिलेलं नव्हतं. "हुशार आहात. वाटेत काही उकळत नाही." मग म्हणाली, "मला एकटीला इथं येऊन सांगायचं सोपं आहे सर. इथं तुम्हाला कोण ओळखतं? तिथं सांगा." आणि आत गेली. तिथं एक म्हातारी मक्याच्या बियाण्याची पिशवी उलटसुलट करून बघत होती.

वडिलांनी विचारलं, "काय म्हने?"

"काम राहिलंय माझं," मी म्हणालो.

धुळ्याला येईपर्यंत एसटीत मला तिचा राग येत होता. हे लिहिणं लाजिरवाणं आहे, पण आला. एवढा लांब गेलो, तर चहासुद्धा विचारला नाही, असंही मनात येऊन गेलं. कुसुंब्याच्या आसपास तो राग उतरला. मग स्वतःला सांगायला सबबही उरली नाही.

पुढच्या तासाला मी फळ्यावर तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला. वर्गाला सांगितलं की, हा प्रश्न मी काढला होता, गाईडमधलं उत्तर माझं आहे, छापणाऱ्याचं नाही. इथं शिकवणाऱ्या एका मॅडमनी चूक दाखवली होती. त्यांचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी मुलांचे गुण कापले आणि मॅडमच्या विरुद्ध शेरा लिहिला. मागून कुणीतरी विचारलं, "मग त्या मॅडम कुठंयत आता?" मी सांगितलं. नंतर प्राचार्यांना आणि परीक्षा विभागाला हेच लिहून दिलं. परीक्षा विभागातला माणूस म्हणाला, "सर, इतकी जुनी निकालपत्रकं आता कोण उघडणार? उगाच कशाला ओढवून घेता?" त्यातून काही व्हायचं नव्हतं, झालंही नाही. स्टाफरूममध्ये मी गेलो की बोलणं थांबायला लागलं, एवढं झालं.

मग पुन्हा साक्रीला गेलो. बाजार नव्हता. ती दारातच बसली होती, वडील शेजारी. मला बघून ती उठली नाही.

"सांगितलं," मी म्हणालो. "वर्गात. आणि लेखीही दिलं."

"मुलं काय म्हणाली?"

"तुम्ही कुठं आहात ते विचारलं."

ती रस्त्याकडे बघत राहिली. तिच्या जागेचं काय, तिच्या गेलेल्या वर्षांचं काय, हे तिनं विचारलं नाही. घरून या वेळी काही जुळवून आणलं नव्हतं. जी अहिराणी मी घरात बोलत वाढलो आणि कॉलेजात कधी वापरली नाही, तीच तोंडात आली.

"मनी चूक व्हती," मी म्हणालो. "तुमनं बठ्ठं बरोबर व्हतं. माले तवयच माहीत व्हतं. माफ करा."